सकाळी लंगडतो का, ते बघा

"चार वर्षांचा मुलगा रात्री पाय धरून रडतो, सकाळी मात्र अंगणात पळतो. काळजीचं आहे का?"

खानापूरला माझ्या भाचीचं असंच व्हायचं. एका रात्री पोटऱ्या, दुसऱ्या रात्री मांड्या. चोळलं की थोड्या वेळात झोप. हे वाढीचं दुखणं (नावापुरतंच, उंची वाढण्याशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही). चोळायला ती स्वतःच पाय पुढे करायची, ही चांगली खूण.

मूल हात लावू देत नसेल, दर वेळी एकाच पायाची एकच जागा दाखवत असेल किंवा सकाळी लंगडत असेल, तर दाखवून घ्या. सोबत ताप, फिकेपणा, अंगावर निळे डाग असतील तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे. रक्ताचा कर्करोगही क्वचित असाच सुरू होतो.