आर्नोल्डला नुसती सर्दीच कशी झाली?

स्नेहल (बी-३०४): प्रायमरीच्या पोरांना सायन्सच्या कार्टून सिरीज कोण दाखवतंय का ओ? आमच्या ओमला मॅजिक स्कूल बस लावून दिली, बस अंतराळात जाते तो एपिसोड, आणि आता दोन दिवस झाले एकच टुमणं, त्यातली जेनेट गोळा केलेलं सामान सोडून परत निघेना म्हणून तिच्या भावानं, आर्नोल्डनं, प्लूटोवर हेल्मेट काढलं, डोक्याचा बर्फ झाला, तरी नंतर नुसती सर्दीच कशी?

अमोल (ए-१०२): 😂 आमच्या पोरीनं त्यातलं बघून नऊ ग्रह लिहिले, बाईंनी लाल रेघ मारली

कुलकर्णी सर: ती सिरीज १९९४ ची आहे अमोल, प्लूटोला बटुग्रह २००६ मध्ये केलं. तारीख सांगून दाखवली की पोरांना कळतं.

स्नेहल: आणि हेल्मेट सर?

कुलकर्णी सर: तिथं उणे २३० च्या आसपास थंडी असते, पण डोकं लगेच गोठणार नाही. थर्मासमध्ये चहा का गरम राहतो? दोन भिंतींच्या मधली हवा काढलेली असते, उष्णता वाहून न्यायला कुणीच नाही. प्लूटोवर हवा आपल्याकडच्या लाखाव्या भागाइतकी, म्हणजे जवळजवळ थर्मासच. आर्नोल्डची अडचण थंडी नाही, श्वास आहे. दहा-पंधरा सेकंदांत बेशुद्ध पडला असता, आणि लगेच हेल्मेट घातलं नसतं तर वाचला नसता.

अमोल: सकाळी सकाळी काय ओ सर 😅

कुलकर्णी सर: हेच पोराला समजेल असं सांगायचं. आणि एपिसोड संपला की टीव्ही बंद करू नका. शेवटी निर्मात्यांना फोन येतात, गोष्टीत कुठं थाप मारली ते स्वतःच कबूल करतात. मला तर तोच भाग सगळ्यात भारी वाटतो. पण पुढचा एपिसोड आपोआप सुरू होतो आणि नेमका तोच चुकतो.

स्नेहल: अय्या, आम्ही दरवेळी तोच उडवतोय!

पाटील काकू: पण थापा असलेलं दाखवायचंच कशाला मग

कुलकर्णी सर: काकू, बस अंतराळात जाते ही थाप पोराला माहीतच असते. डोक्याचा बर्फ मात्र खरा वाटतो, म्हणून तेवढंच निवडून विचारायचं, यातलं खरं काय?

(संध्याकाळी)

स्नेहल: सर, ओमनं चहा थर्मासमध्ये आणि स्टीलच्या भांड्यात ठेवला, अर्ध्या तासानं भांड्यातला गार, थर्मासमधला चटका बसेल असा! पण आता नवीन प्रश्न, मधे हवाच नाही तर सूर्याची ऊब आपल्यापर्यंत येतेच कशी?

कुलकर्णी सर: वा! ती प्रकाशासारखी येते, तिला हवा लागत नाही. म्हणून तर थर्मासची काच आतून चांदीसारखी चकचकीत असते, ऊब परत आत फिरवायला. थांबा, जुना फुटका थर्मास घेऊन वर येतो.

पाटील काकू: काचेचे तुकडे जपून हां, पोरं आहेत