बॅलिस्टा : जितका पीळ, तितकी ताकद?

रणयंत्र : बॅलिस्टा म्हणजे पिळलेल्या दोरांच्या जोरावर दगड-बाण फेकणारं प्राचीन ग्रीक-रोमन यंत्र. त्याचं गणित सोपं आहे. आतड्याची तात घ्या, कचकचून पिळा. जितका पीळ जास्त, तितका दगड लांब जाणार.

कंडरा : हे वाचून राहवलं नाही. एक तर ती तात नव्हे. ग्रीक ग्रंथांत जनावरांच्या कंडरा सांगितल्या आहेत, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे पांढरे दोर; किंवा केस. दुसरं, नुसत्या पिळावर यंत्र चालत नाही. शक्ती साठते ती धागे ताणले जाण्यात. यंत्राची भुजा ज्यात खोचलेली असते त्या दोरांच्या जुडग्याच्या, म्हणजे गुंडाच्या, कडेचे धागे पिळताना जास्त लांबतात, मधले जवळजवळ नाहीतच. दोर सैल असेल तर सुरुवातीचा पीळ नुसता ढिलाई काढण्यात जातो.
म्हणून दोर चौकटीच्या भोकातून ओवताना प्रत्येक फेरा रहाटाने ओढायचा, जाडी एक तृतीयांश कमी होईपर्यंत, मग चिमट्यात धरून पुढचा फेरा. भोक गच्च भरल्यावरच वरखालचे काशाचे वॉशर फिरवून थोडा पीळ. ग्रीक यंत्रकार फिलॉन स्पष्ट बजावतो की दोर ढिला पडला म्हणून पीळ वाढवत गेलात तर त्याची उसळी मरते.

रणयंत्र : मग ते वॉशर फिरते कशाला ठेवले?

कंडरा : दोन्ही बाजूंचे गुंड सारखे करायला. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस म्हणतो, दोर छेडून दोन्हींचा स्वर जुळवा. एक बाजू सैल राहिली की एक भुजा मागे पडते आणि दगड तिरका जातो.

भोकमाप : इथे मुख्य गोष्ट राहतेय, भोकाचा व्यास. दगडाचं वजन मिना या ग्रीक मापात घ्या, शंभरने गुणा, घनमूळ काढा, त्यात दहावा हिस्सा मिळवा, उत्तर अंगुळांत. १० मिनांचा दगड, साधारण साडेचार किलो: हजाराचं घनमूळ १०, अधिक १, म्हणजे ११ अंगुळं, सुमारे २१ सेंटिमीटर. दगड आठपट केला तरी भोक दुप्पटच.

दोरखंड : माझ्या मॉडेलला नायलॉनच लावलाय. पाऊस पडला तरी चिंता नाही. कंडरा ओल्या झाल्या की संपलं.

कंडरा : नायलॉनही पाणी पितो, आणि ताणून ठेवला की हळूहळू लांबत जातो. आज जुळवलेला स्वर उद्या खाली आलेला असतो.

दोरखंड : कंडराही ढिल्या पडतातच! नाहीतर फिलॉनने बजावलंच नसतं.

भोकमाप : हा मुद्दा खरा आहे. १९०० नंतर जर्मन लष्करी अधिकारी श्राम यांनी जर्मनीतल्या सालबुर्ग या रोमन किल्ल्यात उभारलेल्या यंत्रांत घोड्याचे केस वापरले, आणि त्यांचे बाण तीनशे मीटरच्या पुढे गेले. म्हणजे नुसत्या धाग्यावरून भांडून उपयोग नाही.

कंडरा : केस चालतात, हे मी वरच लिहिलंय. नायलॉनवर मात्र भोकाचं ते सूत्र लावू नका. ते कंडरा-केसांवर प्रयोग करून काढलंय, धागा बदलला की आकडा बदलतो.

रणयंत्र : आतडं मागे घेतो. पण थोडा पीळ म्हणजे नेमका किती अंश, ते कुणीच सांगितलं नाही.

भोकमाप : अंश ठरवून लावत नाहीत. आधी एक बाजू, मग दुसरी, असं थोडं थोडं फिरवायचं आणि स्वर जुळला की वॉशर खिळीने अडकवायचा.