मदत हवी आहे: आंशिक बेरीज न काढता उत्तर बरोबर येतंय, पण का?

नमस्कार. 1/(n(n+2)) या पदाची n = 1 पासूनची अनंत श्रेणी सोडवत होतो. आंशिक अपूर्णांक केले: ½[1/n − 1/(n+2)].

आधी घाईत फक्त पहिलं आणि शेवटचं पद शिल्लक ठेवलं, म्हणजे S_N = ½[1 − 1/(N+2)]. N = 1 ला 1/3 जुळलं, म्हणून खात्री वाटली. N = 2 ला मात्र खरी बेरीज 1/3 + 1/8 = 11/24 आणि सूत्र देतं 9/24. पदं लिहून पाहिल्यावर कळलं की अंतर दोनचं असल्यामुळे दोन्ही टोकांना दोन-दोन पदं उरतात:

S_N = ½[1 + ½ − 1/(N+1) − 1/(N+2)]

N अनंताकडे नेल्यावर सीमा 3/4. इथपर्यंत ठीक.

माझा मित्र थेट ½[Σ1/n − Σ1/(n+2)] लिहून सारखी पदं कापतो. त्यालाही 3/4 येतं. पण दोन्ही श्रेणी अपसारी आहेत, मग ही वजाबाकी चालते कशी? कापाकापीने चुकीचं उत्तर येईल असं एखादं साधं उदाहरण हवंय. 1/(n(n+1)) हेच पद n/(n+1) − (n−1)/n असं लिहिलं तर तसं होईल का?