चंद्र छान आहे म्हटलं म्हणजे प्रेमच का?

सुटलेला_बाण: आमच्या टीममध्ये जपानमधल्या नागोयाची एक मुलगी आहे. परवा कॉलवर काम संपलं तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, 'त्सुकी गा किरेइ देसु ने.' चंद्र सुंदर आहे ना, एवढंच. पण जिथे बघावं तिथे लिहिलंय की याचा खरा अर्थ 'माझं तुझ्यावर प्रेम आहे'. उत्तर काय द्यावं? की मी उगाच हवेत आहे?

रविवारचा_भटक्या: अरे, हवेत कसला! कबुलीच आहे ती. जपानी लेखक नात्सुमे सोसेकी इंग्रजी शिकवायचा. विद्यार्थ्याने 'आय लव्ह यू'चं शब्दशः भाषांतर केलं तेव्हा तो म्हणाला, जपानी माणूस असं बोलत नाही, चंद्र सुंदर आहे म्हण. ते लोक तोंडाने प्रेम कबूल करतच नाहीत. तू 'शिन्देमो इइ वा' म्हण, म्हणजे 'आता मरण आलं तरी चालेल'. ठरलेलं उत्तर आहे.

ओसाकाची_सून: ते शेवटचं 'वा' बायकी आहे. तसं बोललास तर ती हसून लोळेल.

आणि 'कबूल करतच नाहीत' हे कुणी सांगितलं? माझा नवरा जपानी आहे. स्टेशनबाहेर ताठ उभं राहून, नमस्कारासारखं वाकून त्याने 'सुकी देसु, त्सुकिअत्ते कुदासाइ' म्हटलं होतं. तू आवडतेस, माझ्याबरोबर राहशील का. याला कोकुहाकु म्हणतात, शाळकरी मुलंही करतात. फार दुर्मिळ आहे तो 'आइशितेरु' हा जड शब्द. 'सुकी' तर आपल्या 'आवडणे'सारखंच चालतं. 'मला तू आवडतोस'मध्ये जसा 'तू' कर्ता, तसंच तिथे. फरक एवढाच की आपल्या 'आवडतोस'मधून समोरचा माणूस कळतो. 'सुकी देसु'मधून कोण कुणाला आवडतं हे कळतच नाही, ते प्रसंगावरून समजून घ्यायचं. आडपडदा आहे तो तिथे, चंद्रात नाही.

जुनी_पानं: सोसेकीची गोष्ट गोड आहे, पण पुरावा नाही. तो 1916 मध्ये वारला. त्याच्या लेखनात हे वाक्य सापडलेलं नाही. छापील उल्लेख दिसतात ते 1970 च्या दशकापासून, आणि सुरुवातीच्या रूपांत चंद्र 'सुंदर'ही नाही, 'किती निळा' आहे.

'मरण आलं तरी चालेल'ची गंमत तर आणखी. ते फुताबातेइ शिमेइच्या भाषांतरात खरोखर आहे, 1896 सालच्या. तुर्गेनेवच्या 'आस्या' या कथेत नायिका मूळ रशियनमध्ये एकच शब्द पुटपुटते, 'तुमची', त्याचं ते भाषांतर. 'मी प्रेम करते' नाही. म्हणजे चंद्र आणि मरण ही जोडी नंतर लोकांनी जुळवली.

रविवारचा_भटक्या: मान्य, गोष्ट बनावट. पण आज ती बहुतेकांना ठाऊक आहे ना? मग एखादी मुलगी एका मुलाला नेमकं तेच वाक्य म्हणते तेव्हा सोसेकी म्हणाला की नाही याने काय फरक पडतो? उगम खोटा, अर्थ खरा.

जुनी_पानं: पडतो. ठाऊक असल्यामुळेच कुणी थट्टेत म्हणतं, आणि कुणी मुद्दाम टाळतं. शरद ऋतूत चंद्र बघायची रीत आहे, दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे खातात, गवताचे तुरे मांडतात. त्या दिवसांत ऑफिसातला साहेबही हेच वाक्य म्हणतो. बाण, तुमच्याकडे तेव्हा किती वाजले होते?

सुटलेला_बाण: चार. तिच्याकडे साडेसात. पौर्णिमेच्या आसपास होतं.

जुनी_पानं: मग पुण्यात ऊन होतं आणि चंद्र उगवलाच नव्हता. 'ने' लावतात ते दोघांनाही जे दिसतंय, पटतंय त्याला, आपल्या 'ना?'सारखं. तुला जे दिसत नाही ते सांगायचं तर ती 'किरेइ देसु यो' म्हणाली असती, 'सुंदर आहे बरं का'. ती नक्की 'ने'च म्हणाली?

सुटलेला_बाण: आता खात्री नाही. आवाज तुटत होता.

साताऱ्याचे_काका: आमची ही तीस वर्षं 'जेवलात का?' एवढंच विचारते. मी कधी कोड सोडवत बसलो नाही. त्या मुलीला जेवण विचारा.

ओसाकाची_सून: काका, इथे उलटं आहे. 'रोज सकाळी माझ्यासाठी मिसो सूप करशील का' हे जुन्या पद्धतीचं लग्नाचं मागणं. आजच्या मुलीला म्हटलं तर 'तूच कर' म्हणेल.

कोरियन_वेडी: कोरियनमध्ये 'रामेन खाऊन जातोस का?' आहे, पण ते प्रेमाचं नाही, रात्री थांबण्याचं आमंत्रण आहे. 2001 च्या एका सिनेमातल्या वाक्यावरून ते पसरलं. तिथे खरंच भूक लागलेल्याची पंचाईत.

रविवारचा_भटक्या: 'ने' असो की 'यो', शंभर विषय सोडून ती चंद्राचं का बोलली?

जुनी_पानं: खिडकीत होता म्हणून?

सुटलेला_बाण: पुढचा कॉल गुरुवारी आहे. आपल्याकडे संध्याकाळी सातला ठेवतो, म्हणजे तिच्याकडे साडेदहा. फार उशीर होतो का तिला?

ओसाकाची_सून: होतो. पण ती 'हो' म्हणाली तर मला नक्की कळव.