शब्दचर्चा : ओकनच्या ठोकताळ्यातील ‘घट’ कशाच्या तुलनेत मोजायची?

विचारणा (परभणी, सेट परीक्षेची विद्यार्थिनी)

अर्थशास्त्राच्या एका सराव संचातील पुढील उदाहरणात मी अडले आहे. ‘एका अर्थव्यवस्थेत गेल्या वर्षी प्रत्यक्ष उत्पादन आणि संभाव्य उत्पादन दोन्ही ८,००० कोटी रुपये होते व बेरोजगारीचा दर नैसर्गिक पातळीवर, म्हणजे ५ टक्के होता. संभाव्य उत्पादन दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढते. यंदा उत्पादनात १ टक्का घट झाली. ओकनचा गुणांक २ धरून यंदाचा बेरोजगारीचा दर काढा.’ उत्पादनातील घटीच्या निम्म्याने चक्रीय बेरोजगारी वाढते, असे मी शिकले असल्यामुळे ५ मध्ये अर्धा मिळवून ५.५ असे उत्तर काढले. संचाच्या मागे मात्र ७ टक्के असे छापलेले आहे. ‘घट’ म्हणजे आधीपेक्षा कमी होणे, याखेरीज या शब्दाला इथे दुसरा काही अर्थ आहे का, की ही छपाईची चूक समजावी?

नांदेड, स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन वर्गातील एक शिक्षक

उत्तरतालिका चुकलेली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ओकनचा नियम इतकाच आहे की उत्पादन २ टक्क्यांनी घसरले की चक्रीय बेरोजगारी १ टक्क्याने वाढते. म्हणून घट दिलेली असेल तर तिला २ ने भागायचे आणि आलेला आकडा नैसर्गिक दरात मिळवायचा. संभाव्य उत्पादन ३ टक्क्यांनी वाढते ही माहिती परीक्षार्थीला चकवण्यासाठी दिलेली दिसते. परीक्षेत वेळ कमी असतो, तेव्हा ‘घटीला दोनाने भागा’ एवढे पाठ ठेवावे.

जालना, कनिष्ठ महाविद्यालयातील वाणिज्याचे शिक्षक

माझी शंका थोडी वेगळी आहे. बेरोजगारी अर्ध्या टक्क्याने वाढली असे म्हटले, तर ती ५ च्या अर्ध्या टक्क्याने, म्हणजे ५.०२५ पर्यंत वाढली असे का म्हणू नये? किंमत ५ टक्क्यांनी वाढली असे आपण म्हणतो तेव्हा मूळ किमतीच्याच ५ टक्के धरतो. इथेच वेगळा हिशेब कशासाठी?

लातूर, अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक

विद्यार्थिनीचा प्रश्न चांगला आहे आणि तिची अडचण भागाकाराची नसून मोजणीच्या पायाची आहे. जालन्याच्या सरांच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती लवकर मिटण्यासारखी आहे. बेरोजगारीचा दर हाच मुळात श्रमशक्तीचा शेकडा हिस्सा आहे. तो ५ वरून ७ झाला याचा अर्थ दर शंभर श्रमिकांमागे आणखी दोन जण कामावाचून राहिले, असा होतो. ओकनच्या ठोकताळ्यात अशा दोन दरांतील सरळ वजाबाकी अभिप्रेत असते, जुन्या दराचा शेकडा भाग नव्हे. काही जण तिला टक्के-बिंदू म्हणतात, काही जण टक्केगुण म्हणतात. मला यांपैकी एकही शब्द पुरता रुळलेला वाटत नाही, पण फरक मात्र पाळावाच लागतो.

आता मूळ मुद्दा. आर्थर ओकन यांनी १९६२ साली हा संबंध मांडला तेव्हा त्यांना जाणून घ्यायचे होते ते असे की, अमेरिकेत बेरोजगारी ४ टक्क्यांवर असती तर देशाने किती उत्पादन केले असते, आणि प्रत्यक्षात ते त्याहून किती कमी पडते आहे. म्हणजे त्यांच्या मनातील उणीव ही गेल्या वर्षाच्या तुलनेतील नव्हती, तर जे होऊ शकले असते त्याच्या तुलनेतील होती. चक्रीय बेरोजगारी हीसुद्धा तशीच उणीव आहे, कारण प्रत्यक्ष दरातून नैसर्गिक दर वजा केल्यावर जे उरते ते ती असते. दोन्ही बाजूंना ‘जे असायला हवे होते’ त्यापासूनचे अंतर मांडले तरच २ हा गुणांक लागू पडतो. म्हणून मी वर्गात पहिल्या अंतराला ‘तूट’ आणि गेल्या वर्षापासूनच्या उताराला ‘घट’ म्हणत असे.

आपल्या उदाहरणात यंदाचे संभाव्य उत्पादन ८,००० वर ३ टक्के वाढून ८,२४० कोटी होते. प्रत्यक्ष उत्पादन १ टक्क्याने घटून ७,९२० कोटींवर आले. तूट ३२० कोटींची आहे आणि ती ८,२४० च्या जवळजवळ ३.९ टक्के भरते. तिच्या निम्मे म्हणजे सुमारे १.९४, ते नैसर्गिक दराच्या ५ मध्ये मिळवले की ६.९४, ठोकळमानाने ७. उत्तरतालिका बरोबर आहे. नांदेडच्या सरांनी सांगितलेला भागाकार बरोबर आहे, पण भागायला घेतलेला आकडा चुकीच्या पायावरून मोजलेला आहे. संभाव्य वाढ शून्य असती तर त्यांचे ५.५ हे उत्तर निर्विवाद ठरले असते.

नांदेड, मार्गदर्शन वर्गातील शिक्षक

आपले स्पष्टीकरण पटते, तरी दोन आक्षेप नोंदवतो. पहिला असा की ६.९४ ला ७ म्हणणे हे परीक्षेच्या उत्तरात चालेल का? दुसरा असा की प्रश्नकर्त्याने ‘घट’ हाच शब्द वापरला असताना विद्यार्थ्याने तो ‘तूट’ असा वाचावा, ही अपेक्षा न्याय्य आहे का?

लातूर, निवृत्त प्राध्यापक

पहिल्या आक्षेपाचे उत्तर असे की उत्तरतालिका बहुधा दुसऱ्या वाटेने गेली असावी. वाढीचे दर घेऊन तोच ठोकताळा असा मांडतात: बेरोजगारीच्या दरातील बदल = (संभाव्य वाढ − प्रत्यक्ष वाढ) ÷ २. इथे प्रत्यक्ष वाढ उणे १ असल्यामुळे ३ वजा उणे १ म्हणजे ४, आणि त्याचे निम्मे बरोबर २. दोन वाटांमधील सहा शतांशाचा फरक हा शेकडा वाढी एकमेकींतून वजा केल्यामुळे येतो. ज्या ठोकताळ्याचा गुणांकच ढोबळ आहे, त्याच्या दशांशांवरून भांडण्यात हशील नाही. मात्र पर्यायांमध्ये ६.९ आणि ७ दोन्ही छापणाऱ्या प्रश्नकर्त्याला दोष द्यायला मी मोकळा आहे.

दुसऱ्या आक्षेपाबाबत मी आपल्याशी अर्धा सहमत आहे. प्रश्नात संभाव्य वाढ दिलेली असेल तर ‘घट’ ही गेल्या वर्षापासूनची समजावी आणि संभाव्य वाढ हिशेबात घ्यावी. ती दिलेली नसेल आणि नुसते ‘उत्पादन ४ टक्क्यांनी कमी आहे, चक्रीय बेरोजगारी किती’ असे विचारले असेल, तर ते संभाव्य पातळीपेक्षा कमी आहे असे मानून २ हे उत्तर द्यावे, कारण दुसरे काही मानण्यास आधारच नसतो. प्रश्न नीट लिहिणारा ‘संभाव्य पातळीपेक्षा’ हे शब्द गाळत नाही, हेही खरे.

बीड, एका साखर कारखान्याच्या शेती विभागात काम केलेले वाचक

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी नाही, परंतु आमच्या जिल्ह्याची गोष्ट या नियमात कशी बसते हे विचारावेसे वाटते. दिवाळीनंतर आमच्याकडील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि गाळप हंगाम संपला की गावी परततात. कारखान्याचे गाळप थांबते तेव्हा उत्पादनात घट होते आणि माणसे कामावाचून राहतात. मग ही चक्रीय बेरोजगारीच ना? दरवर्षी फिरून येणारे चक्रच आहे हे.

दुसरे असे की माझा पुतण्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला होता. मागणी मंदावली तेव्हा आधी ओव्हरटाइम बंद झाला, नंतर दुसरी पाळी बंद झाली आणि शेवटी कंत्राटी मुलांना घरी पाठवले. तो गावी येऊन वडिलांबरोबर कापसाच्या रानात राबू लागला. सरकारी गणनेत तो बेरोजगार धरला जाईल का?

लातूर, निवृत्त प्राध्यापक

दादा, आपली पहिली गोष्ट चक्रीय नाही, हंगामी आहे. ‘चक्रीय’ मधील चक्र हे तेजी-मंदीचे आहे. त्याला ठरलेला महिना नसतो आणि ते देशभरातील एकूण मागणी खचल्यामुळे फिरते. गाळप संपणे हे पंचांगाने ठरते, म्हणून ओकनच्या हिशेबात ते धरत नाहीत. तिमाही आकडे वापरताना हंगामी चढउतार आधी काढून टाकतात, ते याचसाठी.

आपल्या पुतण्याची गोष्ट मात्र नेमकी चक्रीय आहे, आणि उत्पादन जितके खचते तितकी बेरोजगारी का वाढत नाही याचे उत्तर तिच्यातच आहे. मागणी उतरली की मालक पहिल्या दिवशी माणूस काढत नाही. तो आधी कामाचे तास कमी करतो, शिकवून तयार केलेला कामगार हातचा जाऊ नये म्हणून अपुऱ्या कामावरही त्याला ठेवून घेतो, आणि त्यामुळे दर माणशी उत्पादन घसरते. ज्यांना काढले जाते त्यांतलेही काही जण नोकरी शोधणेच सोडतात आणि श्रमशक्तीच्या मोजणीतून बाहेर पडतात. उत्पादनाची तूट अशी अनेक वाटांनी जिरते आणि बेरोजगारीच्या दरात तिचा एक भागच उमटतो. ओकन यांना स्वतःला अमेरिकेच्या आकड्यांत हे प्रमाण सुमारे ३ ला १ असे आढळले होते. पाठ्यपुस्तकांत पुढे रूढ झालेला २ हा आकडा नंतरच्या काळातील आकड्यांवरून आलेला आहे. म्हणून गुणांक प्रश्नात दिलेला असावा लागतो. तो निसर्गनियम नाही.

पुतण्याच्या गणनेबद्दल सांगायचे तर, घरच्या शेतीत राबणाऱ्याला आपल्याकडील श्रमशक्ती सर्वेक्षणात कामावर असलेला धरतात, मग त्याला मजुरी मिळो वा न मिळो. त्यामुळे वाळूजमधील उत्पादन खाली येईल, त्याचे काम जाईल, आणि तरीही बेरोजगारीचा दर जागचा हलणार नाही, असे होऊ शकते.

नांदेड, मार्गदर्शन वर्गातील शिक्षक

तसे असेल तर भारतासाठी हा ठोकताळा शिकवण्यालाच अर्थ उरत नाही, असे मला वाटते.

लातूर, निवृत्त प्राध्यापक

इतक्या टोकाला मी जाणार नाही. ज्या अर्थव्यवस्थेत बहुतेक माणसे पगारी नोकरीत आहेत तिथे तो बरा चालतो. जिथे शेती हाच धक्का झेलणारा अखेरचा आसरा आहे तिथे तूट बेरोजगारीपेक्षा कमाईत जास्त दिसते. भारतातील संघटित उद्योगापुरता वेगळा गुणांक काढावा की काढूच नये, यावर मी आणि माझे काही सहकारी अजून एकमत झालेलो नाही.

परभणी, विद्यार्थिनी

सर, आपल्या रीतीने मी हेच उदाहरण एक वर्ष पुढे नेऊन पाहिले. समजा पुढच्या वर्षी उत्पादन ५ टक्क्यांनी वाढले. मग ३ वजा ५ म्हणजे उणे २, त्याचे निम्मे उणे १, म्हणून दर ७ वरून ६ वर येतो. तुटीच्या वाटेने पडताळले तर संभाव्य उत्पादन सुमारे ८,४८७ कोटी, प्रत्यक्ष ८,३१६ कोटी, तूट २ टक्क्यांच्या आसपास आणि चक्रीय बेरोजगारी १. म्हणजे पुन्हा ६ च. त्या वर्षी घट मुळीच नाही, उलट चांगली वाढ आहे, तरीही चक्रीय बेरोजगारी शिल्लक राहते. माझ्या आधीच्या रीतीने ती शून्य आली असती. हे बरोबर आहे का?

लातूर, निवृत्त प्राध्यापक

बरोबर आहे. आता त्याच्या पुढच्या वर्षी दर ५ वर आणायचा असेल तर उत्पादन किती टक्क्यांनी वाढावे लागेल, तेही काढून पाहा. ३ असे उत्तर आले तर कुठेतरी पुन्हा घट आणि तूट यांची गल्लत झाली आहे असे समजावे.