अनुभव धागा: फोन नवा, नंबर तोच, व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट्सचं काय झालं?

वऱ्हाडी_ठेचा:
आईचा फोन म्हातारा झालाय, नवीन अँड्रॉइड घेतलाय. नंबर तोच राहणार. तिच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये भिशीचा हिशेब आणि नातवंडांचे व्हिडिओ आहेत, त्यामुळे "गेलं तर गेलं" म्हणायची सोय नाही. चॅट बॅकअपच्या पानावर 'Local' समोर आज पहाटे दोनची वेळ दिसते, पण गूगलच्या ओळीसमोर मार्चमधली तारीख! ड्राइव्ह भरल्याचा मेलही येऊन पडलाय. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कुठे अडलं आणि कसं सुटलं ते लिहा.

साधा_माणूस_नाशिक:
ड्राइव्ह भरण्याचा आणि व्हॉट्सअ‍ॅपचा संबंध नाही. तो बॅकअप जागेत धरत नाहीत, फुकट असतो. नेट स्लो असेल, रात्री वायफायवर लावून ठेवा.

घड्याळदुरुस्ती:
नाशिककर, तुमचं म्हणणं आधी खरं होतं, आता नाही. 2023 च्या डिसेंबरपासून बीटावाल्यांना आणि मग 2024 मध्ये हळूहळू बाकीच्या अँड्रॉइडवाल्यांना हा बॅकअप त्याच 15 जीबीत धरायला लागले. जीमेल, फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅप असे तिघे आता एकाच खोलीत राहतात. आईंच्या बाबतीत तेच झालंय. लोकल बॅकअप फोनमध्येच पडतो म्हणून तो रोज होतोय, आणि गूगलचा मार्चमध्ये जागा संपल्यावर थांबला. आज नव्या फोनवर गूगलवरून रिस्टोअर केलंत तर मार्चपर्यंतच्याच चॅट्स येतील.

ठेच्या, एक काम करा. गूगलच्या स्टोरेजच्या पानावर कोणी किती जागा खाल्लीय ते बघा, मग चॅट बॅकअपमध्ये 'Include videos' बंद करून साईझ किती राहते ते बघा. आकडे इथे टाका.

वऱ्हाडी_ठेचा:
फोटो 9, जीमेल 3, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपला उरतात 3. व्हिडिओसकट बॅकअप 7 जीबी, व्हिडिओ काढले तर 2.

घड्याळदुरुस्ती:
मग व्हिडिओ बंद करून आत्ताच 'Back up' दाबा. 2 जीबी आरामात मावेल आणि मेसेज, फोटो, व्हॉइस नोट सगळं वर जाईल. पण हा नुसता विमा. जुना फोन चालू असताना गूगलच्या भरवशावर जायचंच कशाला? जुन्या फोनवर सेटिंग्जमधून Chats, मग 'Transfer chats' आणि Start. नव्यावर व्हॉट्सअ‍ॅप टाकून नंबर व्हेरिफाय करा, जुन्या फोनवरून चॅट घ्यायचा पर्याय आला की तो निवडा. नव्यावर क्यूआर दिसेल, तो जुन्याने स्कॅन करायचा. दोन्ही फोनचं वायफाय आणि लोकेशन चालू हवं आणि दोन्ही चार्जरवर हवेत. सगळं फोनातून थेट फोनात जातं, व्हिडिओसकट. ड्राइव्हच्या 15 जीबीशी काही देणंघेणं नाही.

मी_मालवणी:
सेटिंग्जमध्ये 'Change number' असता, ता वापरा. सगळ्या ग्रूपांक आपोआप कळता.

वऱ्हाडी_ठेचा:
अहो, नंबर तोच आहे, फोन बदलतोय. ते नंबर बदलणाऱ्यांसाठी.

मी_मालवणी:
हां हां, सॉरी. मी माझ्या भावाचा सांगी होतंय.

पुणेरी_पगडी_नको:
दुकानदारांपासून सावध. काकांनी फोन जिथून घेतला तिथल्या पोराने "करून देतो काका" म्हणून व्हॉट्सअ‍ॅप चालू केलं आणि रिस्टोअर विचारलं तिथे बिनदिक्कत स्किप दाबलं. काका खूश, ग्रूप दिसतात, मेसेज येतात. पण ग्रूप तर नंबरला चिकटलेले असतात, ते बॅकअपशिवायही येतात. जुन्या चॅट्स नाहीत हे संध्याकाळी कळलं. रिस्टोअर फक्त नोंदणीच्या वेळी विचारतात, नंतर सेटिंग्जमध्ये ते बटण नसतं. रात्री ऑटो बॅकअप झाला असता तर त्या रिकाम्या चॅट्स चांगल्या बॅकअपवर बसल्या असत्या. मी लगेच अ‍ॅप काढलं, पुन्हा टाकलं, काकांचं तेच गूगल खातं लावलं, तेव्हा जुन्या तारखेचा बॅकअप सापडला. आधी मेसेज आले, फोटो मागून कासवगतीने उतरत राहिले. गंमत म्हणजे काकांना वाटलं फोटो गेलेच.

दुबईकर_शिंदे:
अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणाऱ्यांनो, गूगलवरचा बॅकअप आयफोनला वाचता येत नाही. आयफोन पहिल्यांदा सेट करतानाच 'Move to iOS' ने न्यावं लागतं. माझ्या बायकोचा फोन आधीच सेट झाला होता, तो पुन्हा कोरा करावा लागला. दुसरं म्हणजे आयक्लाउडची फुकट जागा 5 जीबीच, आणि तिथे बॅकअप घ्यायला बॅकअपच्या 2.05 पट मोकळी जागा आयक्लाउडवरही लागते आणि फोनवरही. 6 जीबीच्या बॅकअपला 12 च्या वर जागा हवी.

रेल्वेचा_चहा:
माझा फोन लोकलमध्ये गेला. डुप्लिकेट सिम त्याच दिवशी मिळालं, पण नव्या सिमवर 24 तास एसएमएस बंद असतात हे कोणी सांगितलं नव्हतं. कोडच येईना, मी आपला पुन्हा पुन्हा मागतोय आणि दर वेळी थांबायची वेळ वाढतेय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोड आला, तर पुढे टू-स्टेपचा पिन विचारला. ईमेल जोडला नव्हता, म्हणून सात दिवस थांबून मग पिन रिसेट. फोन चोरीला गेला त्या रात्रीपासून जे मेसेज कुठेच पोचले नव्हते ते आले, पण शेवटचा बॅकअप ते चोरी या मधले गेलेच.

सोलापुरी_चादर:
पडदा फुटलेल्या फोनसाठी. भाच्याच्या फोनची स्क्रीन काळी झाली होती पण टच चालत होता, त्याने अंदाजाने अनलॉक केला आणि आम्ही केबलने `Android/media/com.whatsapp/WhatsApp` हा अख्खा फोल्डर कॉम्प्युटरवर घेतला. नव्या फोनवर त्याच जागी ठेवून मगच व्हॉट्सअ‍ॅप टाकलं. गूगल खातं विचारलं तिथे नाही म्हटलं, मग लोकल बॅकअप दिसला. Databases मध्ये गेल्या काही दिवसांच्या फायली असतात, तारीख नावातच असते. जुनी हवी असेल तर तारीख काढून नाव `msgstore.db.crypt14` करायचं. तुमच्याकडे शेवटी 15 असेल तर 15 च ठेवा.

वऱ्हाडी_ठेचा:
क्यूआरने झालं! मधेच एकदा तुटलं, कारण जुन्या फोनचा पडदा बंद होत होता. स्क्रीन टाइमआऊट वाढवून पुन्हा लावलं, तेव्हा व्हिडिओसकट सगळं आलं. जुना फोन लॉगआऊट झाला, आणि लॅपटॉपवरचं व्हॉट्सअ‍ॅपही निघालं, ते पुन्हा जोडावं लागलं. भिशी जिवंत आहे.

कोल्हापूरची_सुमन:
ताई, माझं वेगळंच आहे. बाबांनी बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शनचा पासवर्ड लावला होता आणि आता आठवत नाही म्हणतात. जुना फोन अजून आहे.

घड्याळदुरुस्ती:
सुमन, जुन्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप अजून उघडतंय ना? मग नव्यावर काहीही सुरू करू नका. जुन्यावर चॅट बॅकअपमध्ये जाऊन, फोनचं लॉक देऊन पासवर्ड बदलता येतो. मग ताजा बॅकअप घ्या. पासवर्डऐवजी 64 अंकी की असेल तर ती कुठे लिहिलीय ते आधी विचारा. फोन गेला आणि पासवर्डही गेला तर तो बॅकअप कोणालाच उघडता येत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांनाही नाही.

कोल्हापूरची_सुमन:
उघडतंय, पण बाबांनी उत्साहात नव्या फोनवर सकाळीच नंबर टाकून बघितला. जुन्यावर "नंबर दुसरीकडे नोंदवलाय" येतंय. आता?

घड्याळदुरुस्ती:
अ‍ॅप काढू नका, त्याचा डेटा पुसू नका. जुन्यावरच पुन्हा व्हेरिफाय करून बघा, चॅट्स दिसल्या तर वाचलं. मी स्वतः हे केलेलं नाही. कोणी केलंय?