कागदाचा फरक नेमका कुठे पडतो

"एस्टिमेट २,६०० शीटचं, ईआरपी सॉफ्टवेअरमध्ये खर्च ३,००० शीट. एवढं वेस्टेज कसं?"

दादा, आधी स्टोअरची परत-नोंद बघा. आमच्या सातपूरच्या प्रेसमध्ये अगदी हेच झालं होतं. १०,००० पत्रकं, शीटला चार, म्हणजे २,५०० शीट आणि वेस्टेजला १००. स्टोअरने अख्खे सहा रीम, म्हणजे ३,००० शीट दिले. उरलेले २८० शीट मशीनशेजारीच पडून, परतीची एंट्रीच नाही! खरा वापर २,७२०, म्हणजे जादा वेस्टेज १२०च.

तेही का, ते मशीनच्या वेळेवरून कळलं. मेकरेडी, म्हणजे छपाईआधीची मशीनची जुळवणी, आणि रनिंग वेगळं नोंदवत होतो, त्यात मेकरेडी दोनदा दिसली. ग्राहकाने मशीनवर रंग बदलायला लावला होता. तो खर्च ऑपरेटरच्या माथी न मारता बिलात लावला.